उजव्या भिंतीतली खिडकी

माझ्या सुनेने इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि एका भिंतीला खिडकी पडली. भिंत खरी आहे. फुलपाड्याच्या पुढे नवी इमारत उभी राहिली आहे, तिच्या सातव्या मजल्यावर. खिडकी मात्र फक्त व्हिडिओत होती. माझी धाकटी बहीण त्या खिडकीसाठी ते घर घ्यायला निघाली होती. पाडव्याला टोकन द्यायचं ठरलं होतं.

मी चौथी शिकले आहे. लिहिताना अडते, पण लिहिते. सुनेचं काम मला कळत नाही असं नातेवाईक धरून चालतात. ती घरातच काम करते, हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूच्या टेबलावर. दिवसभर मी तिथेच बसलेली असते, आणि ती लिहिते ते मोठ्याने म्हणत लिहिते. सवयच आहे तिला. त्यामुळे थोडंफार कानावरून जाऊन डोक्यात राहिलं.

आधी ती लग्नाचे व्हिडिओ जोडायची. तो स्टुडिओ बंद पडला. आता वसईतल्या एका जाहिरातवाल्याकडे आहे. साड्या, मसाले, क्लासेस, बिल्डर, सगळ्यांचे छोटे व्हिडिओ. शूटिंग नाही, कॅमेरा नाही, माणूस नाही. काय दिसायला हवं ते लिहायचं आणि कॉम्प्युटर ते चालतंबोलतं करून देतो. त्या लिहिलेल्याला ती प्रॉम्प्ट म्हणते. मी मजकूर म्हणते.

मला वाटायचं, यात काय अवघड आहे? खोली म्हणा, पलंग म्हणा, झालं. पण ती सुरुवातच खोलीने करत नाही. आधी बघणारा कुठे उभा आहे ते लिहिते. किती उंचीवर, उभा आहे की चालतोय, मान कुठे वळवतोय. मग भिंगाचा नंबर. मग खोली आणि शेवटी उजेड.

"अगं, कॅमेराच नाही तर भिंग कुठून आलं?" मी एकदा विचारलं.

"नाहीच आहे, आई. पण त्याने जगातले इतके व्हिडिओ बघितलेत की चोवीसचा वाइड लेन्स म्हटलं की तसं चित्र काढतो. खोली लांबरुंद दिसते, कोपरे ताणले जातात. पंच्याऐंशी म्हटलं की चेहरा जवळ येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. नंबर अगदी बरोबर पाळतो असं नाही. अंदाजाने घेतो."

झूम आणि डॉली यातला फरक तिने मला चष्म्यावरून सांगितला. आहात तिथे बसून जाड चष्मा लावलात, समोरचं मोठं दिसलं, तो झूम. उठून चालत जवळ गेलात, तर वाटेतली खुर्ची मागे पडते, टेबलाची बाजू दिसायला लागते, ती डॉली. पॅन म्हणजे जागचं हलायचं नाही, नुसती मान फिरवायची.

चुकाही बघितल्या मी. एकदा घाईत तिने व्हिडिओच्या एकाच तुकड्यात मान फिरव, मग पुढे जा, मग वर बघ असं लिहिलं. तुकडा असतो एवढासा, डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत संपतो. त्याने सगळं एकदम करायला घेतलं आणि दाराची चौकट मेणासारखी वितळली. तेव्हापासून एका तुकड्यात एकच हालचाल. एकदा तिने 'कॅमेरा हलवू नको' असं लिहिलं, तर तो जास्तच हलला. नको म्हटलेलं त्याला नीट कळत नाही म्हणे. पाहिजे ते सांगायचं, स्थिर म्हणायचं, तिपाईवर ठेवलाय म्हणायचं. आणि तिपाई म्हटलं तर एकदा खोलीच्या मधोमध खरोखरची तिपाई आणून उभी केली. आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखंच होतं ते तोवर.

बहीण तुळिंजला राहते, चाळीत, तळमजल्यावर. आमचं माहेर खाडीकाठचं. भात आणि मासे यांत वाढलो. तिला दिलंही तशाच घरात. मग शेतात खारं पाणी यायला लागलं, जमीन गेली, आणि ती दोघं तुळिंजला आली. मूल नाही. नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे. उजवी बाजू गेली, बोलणं तोंडातच राहतं. आतल्या खोलीत पलंगावर पडून असतो. त्या खोलीला खिडकी नाही. समोर कॅलेंडर आहे, ते बघतो. महिना बदलला की त्याच्यासाठी तेवढाच बदल. पावसात पलंगाखाली पाणी येतं, मग बहीण पलंगाच्या पायांखाली विटा घालते.

तिला एकच हवं होतं. त्याला पडल्या पडल्या बाहेरचं दिसलं पाहिजे.

बिल्डरच्या माणसाने तिला व्हिडिओ पाठवला. इमारत तयार होती, पण लिफ्ट चालू नव्हती. सात मजले तिचे गुडघे चढणार नव्हते, आणि नवऱ्याला एकटं सोडून ती फार वेळ बाहेर राहूही शकत नाही. नकाशा तिला वाचता येत नाही, मलाही येत नाही. लिफ्ट चालू झाली की दाखवतो, असं तो माणूस म्हणाला. तोवर मोबाइलवर हे बघा, मावशी.

ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"बाय, बघ. दारातून आत शिरलं का समोर एक खिडकी हाय. पन ती नाय कामाची. ही बघ, ही उजवीकडची."

व्हिडिओत दारातून खोली दिसत होती. समोरच्या भिंतीला खिडकी. मग नजर हळूहळू उजवीकडे वळली, आणि उजव्या भिंतीत जमिनीपासून वर गेलेली मोठी खिडकी आली. पांढरा पडदा हलत होता. बाहेर झाडं, त्यांच्यामागे काहीतरी चमकत होतं, पाण्यासारखं. फरशीवर ऊन.

"समोरची का नको?" मी विचारलं.

"ती दक्षिनेला येते. ती त्यांना बघायची तर पाय दक्षिनेला करायला लागतील. जिवंत मानसाचे पाय कोन दक्षिनेला करतं? डोकं पूर्वेला, पाय पच्छिमेला केले का ही खिडकी बरोबर डोळ्यांसमोर. मी इच्यारलं त्या पोराला. दार उत्तरेचं हाय. म्हंजे उजवी बाजू पच्छिम."

"त्यांना दाखवलंस?"

"दाखवलं तर हात उचलला त्यांनी. चांगला हात. 'पानी' म्हनाले. कळलं मला. इतक्या दिसांत एक शब्द सरळ आला त्यांच्या तोंडातून. आता रोज दाखव म्हनतात." मग चहा घेताना म्हणाली, "आनि सकाळचं ऊन कसं पडतंय बघितलंस? पायांवर पडेल त्यांच्या."

मी हो म्हणाले. ती गेल्यावर भांडी घासताना माझ्या ध्यानात आलं. पश्चिमेच्या खिडकीतून सकाळचं ऊन कसं येईल?

मला सकाळ नसेल ती, संध्याकाळ असेल, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी तो व्हिडिओ आधी ऐकला होता. बघितला नव्हता, ऐकला होता. सून टेबलाशी बसून म्हणत होती, स्लो पॅन राइट, आय लेव्हल, ट्वेंटी-फोर मिलिमीटर, सॉफ्ट मॉर्निंग लाइट फ्रॉम द राइट. ते मॉर्निंग मला कळलं होतं.

सून संध्याकाळी भाजी निवडायला बसली तेव्हा मी विचारलं. "फुलपाड्याच्या पुढच्या इमारतीचा व्हिडिओ तूच केलास?"

"हो. का?"

"त्या खोलीला उजवीकडे खिडकी आहे?"

तिने मेथी खाली ठेवली. लॅपटॉप उघडला. तिच्याकडे त्या खोलीचा एकच फोटो आला होता, दारातून काढलेला. समोरची भिंत आणि डावी भिंत एवढंच त्यात होतं. उजवी भिंत फोटोच्या बाहेर.

"साहेब म्हणाले, मरगळलेलं वाटतंय, काहीतरी हालचाल टाक. म्हणून मी मान उजवीकडे वळवायला सांगितली. आणि उजेड उजवीकडून यावा असं लिहिलं. फोटोत तिकडे काय आहे ते त्याला माहीत नाही. मी वळ म्हटलं, तो वळला. उजेड यायला हवा, तर खिडकी हवीच. म्हणून त्याने खिडकी केली."

"आणि खरी?"

तिने नकाशा काढला, बोट ठेवलं. उजवी भिंत शेजारच्या फ्लॅटची आहे. पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर. तिथे खिडकी असूच शकत नाही.

"तुला तेव्हा कळलं नाही?"

"कळलं. साहेबांना म्हटलं मी. ते म्हणाले, बिल्डरला आवडलंय, खाली बारीक अक्षरात काल्पनिक चित्रण लिहिलेलं असतं, आपण आपलं काम केलं." मग तिने माझ्याकडे बघितलं. "कुणी विचारलं तुम्हाला?"

मी बहिणीचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती मेथीच्या काड्या एकीकडे आणि पानं एकीकडे करत राहिली. मग म्हणाली, "मावशींना सांगू नका, आई. एवढ्यात नका. त्या ऑफिसात जाऊन बोलल्या तर सरळ माझ्यावर येईल. कामातलं बाहेर बोलायचं नाही असं लिहून घेतलंय आमच्याकडून. स्टुडिओ बंद पडला तेव्हा किती दिवस घरी होते, तुम्हाला माहीत आहे. मी बघते काहीतरी."

माझ्या मुलाने हे ऐकलं आणि दोघींकडे न बघता म्हणाला, "घर घेताना माणूस बघून घेतो. मावशी बघेलच की." आणि जेवायला बसला. पुरुषांना असं एक वाक्य सापडलं की भूक लागते.

त्यानंतर माझं जेवण गेलं. सांगितलं तर सुनेचं काम जाणार. नाही सांगितलं तर बहीण आयुष्यभराचं जमवलेलं घालून भिंत विकत घेणार. रोज सकाळी उठले की पाडवा एक दिवस जवळ आलेला असायचा. बाजारात साखरेच्या माळा लटकायला लागल्या. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. एकदा धीर करून लावला.

"अगं, एकदा जाऊन तरी बघ," मी म्हटलं. "कुणाला तरी वर पाठव. व्हिडिओत काय, काहीही दाखवतात."

"काहीही म्हंजे?"

"म्हणजे... आता मशीन करतं ना सगळं."

"बाय, तू एकदा माझ्या पातळाला पन अशीच खोट काढली व्हतीस. मी जरा कुठं वर चढते का तुझे गुडघे दुखायला लागतात."

लहानपणापासून ती अशीच. मी फोन ठेवला. सून टेबलाशी बसली होती, पण टाइप करत नव्हती. तिने माझं बोलणं ऐकलं होतं. त्या दिवशी तिने एका मसाल्याच्या जाहिरातीत दोनदा चुकीची हालचाल लिहिली आणि मिरच्या टोपाच्या बाहेर उडाल्या.

तिने दुसरा एक व्हिडिओ करून साहेबाला पाठवला होता, हे मला मागाहून कळलं. त्यात मान वळत नव्हती. बघणारा दारातून सरळ समोरच्या खऱ्या खिडकीकडे चालत जायचा, एवढंच. फोटोत जे आहे त्याच्याकडेच गेलं तर त्याला नवीन काही रचावं लागत नाही. साहेब म्हणाला छान आहे, हाही ठेवू. पहिला काढला नाही.

पाडव्याला दोनतीन दिवस राहिले असतील. दुपारी बेल वाजली. बहीण. हातात कापडाची पिशवी. शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून आली होती.

"सूनबाय घरात हाय ना? तिलाच इच्यारायचंय."

पिशवीतून तिने कापड काढलं. पडद्याचं. निळ्यावर पांढऱ्या रेघा. फाडून आणलेलं होतं, म्हणजे आता परत करता येणार नव्हतं.

"तू ह्या कॉम्प्युटरच्या कामातली हायेस. ह्या व्हिडिओवरून सांग, खिडकी केवढी असंल? कापड पुरेल का?"

तिला माहीत नव्हतं की तो व्हिडिओ हिनेच केला आहे. सून माझ्याकडे बघत होती. मी काही खूण केली नाही. खूण करायची तर कुठली करणार होते?

सुनेने खुर्ची ओढली. "मावशी, इथे बसा माझ्या बाजूला. मापाचं नंतर बघू."

तिने फोटो उघडला. रिकामी खोली. "ही ती खोली. हा खरा फोटो. यात उजवी भिंत दिसतेय?"

"नाय."

"आता मी जे तेव्हा लिहिलं होतं तेच परत लिहिते. एक अक्षर बदलत नाही."

"तू लिवलं व्हतंस?"

"हो."

तिने तोच मजकूर टाकला. थांबावं लागतं त्याला. मी चहा ठेवला, करायला काहीतरी हवं म्हणून. चहा उकळेपर्यंत पहिला तुकडा आला. नजर उजवीकडे वळली. तिथे भिंतभर कपाट होतं, वर कुंड्या, आणि उजेड कुठून येत होता देव जाणे. सुनेने परत तेच पाठवलं. दुसऱ्यात उजवीकडे एक काचेचं दार आलं आणि दारापलीकडे आणखी एक खोली.

"घर वाढलं की गं," बहीण म्हणाली. हसत नव्हती.

तिसऱ्यात परत खिडकी आली. पण ती नव्हे. छोटी, गोल कमानीची, बाहेर नुसतं आभाळ. पाणी नाही.

बहिणीने मांडीवरचं कापड घडी केलं. परत उलगडलं. "म्हंजे ह्याला म्हाईतच नाय तिकडे काय हाय."

"नाही, मावशी. फोटोतलं तेवढंच माहीत. फोटोच्या बाहेर वळायला मी सांगितलं."

"तिकडे काय हाय?"

"भिंत आहे. पलीकडे शेजारचं स्वयंपाकघर."

"आनि तुला म्हाईत व्हतं." मग माझ्याकडे वळून, "आनि तुला."

"मला मागाहून कळलं," मी म्हटलं.

"कवा?"

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. ती उठली. चहा तसाच राहिला. दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "त्यांना मी काय सांगू ते पन लिवून दे म्हन तुझ्या सुनेला. ती चांगलं लिवते." आणि जिना उतरली. कापड विसरून गेली.

सुनेने लॅपटॉप बंद केला. "आता त्या ऑफिसात जातील," ती म्हणाली. भिऊन म्हणाली, पण सांगितल्याचं ओझं उतरल्यासारखीही दिसत होती. माझं ओझं तसंच होतं. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बहिणीने रागाने टोकन दिलं तर? ती तशी आहे. मला खोटं पाडायला ती विहिरीत उतरेल.

पाडव्याला सकाळी आम्ही गुढी उभारली आणि मी कापड पिशवीत घालून रिक्षाने तुळिंजला गेले. दार उघडं होतं. बहीण नवी साडी नेसून बसली होती.

"आलीस? चल. बुकिंगला बोलावलंय."

"तू घेतेस?"

"चल म्हटलं ना."

बिल्डरच्या ऑफिसात झेंडूच्या माळा, पेढे, आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तोच व्हिडिओ. मान वळते, खिडकी येते, परत पहिल्यापासून. पाचसहा माणसं खुर्च्यांवर बसून बघत होती. विकणारा पोरगा पुढे आला. "मावशी, लकी आहात. आजच लिफ्ट चालू केली, मुहूर्तावर."

"मग पयला वर चल," बहीण म्हणाली.

लिफ्टमध्ये ओल्या रंगाचा वास होता. सातव्या मजल्यावर दार उघडलं, खोलीत शिरलो. रिकामी. समोर दक्षिणेची खिडकी, उजवीकडे भिंत. बहीण सरळ भिंतीपाशी गेली आणि बोटांच्या पेरांनी तिच्यावर ठोकलं. जागा बदलून परत ठोकलं. पोरगा म्हणाला, "मावशी, तो व्हिडिओ म्हणजे फील येण्यासाठी असतो."

"मला फील आला," ती म्हणाली.

मग तिने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. नव्या साडीनिशी ती फरशीवर बसली, आणि आडवी झाली. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, खिडकीकडे.

"अहो मावशी, पाय!" पोरगा दचकला. "आज सणाचं..."

"गप ऱ्हा. बघू दे." ती डोळे उघडे ठेवून पडून राहिली. "आभाळ दिसतं. डोंगराचं टोक दिसतं. पलंग उंच लागंल. बाय, सुनेला बोलाव."

"इथे? या लोकांसमोर? तिचं काम..."

"फोटोबाहेर मान वळवायला येतं ना तिला? मग इथं यायला पन येतं."

मी फोन लावला. सून येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. ती दारात पोचली तेव्हाच विकणारा पोरगा खाली निघाला, आणि जाताना तिच्याकडे बघत मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता. सुनेने ते बघितलं. तरी ती आत आली, आणि बहिणीने न बोलता बोटाने दाखवलं, इथे, एवढ्या उंचीवरून. पलंग आणि विटा धरून तिने ती उंची आपल्या मांडीवर हात लावून दाखवली. सून गुडघ्यांवर बसली आणि मोबाइल बरोबर त्या उंचीवर धरला.

"कापड आणलंयस ना?" बहीण मला म्हणाली. मी कापड खिडकीच्या वरच्या कडेला धरून उभी राहिले. हात दुखत होते.

"आई, बोटं फोटोच्या बाहेर ठेवा," सून म्हणाली. "बोटं आली तर तो सहावं बोट काढतो."

फोटो काढून तिथेच उकिडवं बसून तिने मोबाइलवर मजकूर लिहिला. या वेळी मोठ्याने म्हणत मराठीत सांगत होती, बहिणीसाठी. बघणारा पलंगाच्या उंचीवर. जागच्या जागी स्थिर. नजर सरळ खिडकीवर. शेवटपर्यंत तशीच. मधल्या नंबरचं भिंग, खोली जेवढी आहे तेवढीच दिसेल असं. फक्त पडदा वाऱ्याने थोडा हलतो.

"उजेड?" मी विचारलं.

"उजेडाचं काही लिहीत नाही. फोटोत आहे तोच राहू दे."

तुळिंजला परतलो तेव्हा बहिणीचा नवरा जागा होता. बहिणीने मोबाइल त्याच्यासमोर धरला. खिडकी, आभाळ, डोंगराचं टोक, निळा पडदा हलतोय. तो बघत राहिला. संपलं की बहीण परत लावायची. त्याचा डावा हात उचलला गेला आणि बोट उजवीकडे वळलं, पडद्याच्या कडेकडे. नजर कधी वळते याची तो वाट बघत होता. ती वळली नाही.

"पानी?" तो म्हणाला.

"पानी नाय," बहीण म्हणाली. "ते खोटं व्हतं. ह्या पोरीने लिवलं व्हतं. हे खरं हाय. डोंगर हाय, आभाळ हाय. पाय दक्षिनेला येतील तुमचे."

सून पलंगाशी उभी होती. खाली बघत नव्हती, हे मी बघितलं.

तो परत मोबाइलकडे बघायला लागला. मला वाटलं संपलं. मग त्याच्या तोंडातून अर्धवट काहीतरी निघालं. आम्हाला कळलं नाही, बहिणीला कळलं. ती मोठ्याने हसली, झटक्यानंतर मी तिला तशी हसताना पहिल्यांदा बघितलं.

"काय म्हणाला?"

"यमाला लिफ्ट चालवता येते का, म्हनतात."

संध्याकाळच्या आत तिने टोकन दिलं. ऑफिसात जाऊन टीव्हीसमोर बसलेल्यांना तिने मोठ्याने सांगितलंही, की त्या भिंतीत खिडकी नाय, ठोकून बघून या. पोरगा रिमोट शोधत होता. त्या बिल्डरचं काम सुनेकडून काढून घेतलं गेलं. साहेबाने फोनवर बरंच ऐकवलं, तिने ऐकून घेतलं. मसाले आणि साड्या तिच्याकडे राहिल्या. किती दिवस राहतील ते मला माहीत नाही. फोनची रिंग झाली की मी अजून आधी तिच्या चेहऱ्याकडे बघते.

बहीण राहायला गेली आहे. पलंग विटांवरच आहे, उंचीसाठी. त्याचे पाय दक्षिणेला आहेत. आलेल्या प्रत्येक बाईने त्यावर तोंड वाकडं केलं, आणि बहिणीने प्रत्येकीला उजव्या भिंतीवर ठोकायला लावलं. मी गेले तेव्हा पलीकडच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. भिंत पातळ आहे, स्पष्ट ऐकू आली. तो खिडकीकडे बघत होता. त्याच्या पायांना ऊन लागत नव्हतं, पडद्याला लागलं होतं.